मधल्या लेव्हलना रेंगाळणारा खेळ: एक्सपीचा वक्र फॉर्म्युल्याने कसा सुधारायचा

खेळ मधेच कंटाळवाणा होतो अशी तक्रार आली की बहुतेक जण एकच गोष्ट करतात: एक्सपीच्या फॉर्म्युल्यातला आकडा थोडा खाली ओढतात. १.२५ चा १.२ करतात, बिल्ड पाठवतात आणि आठवड्याने तीच तक्रार पुन्हा येते. वर आणखी एक नवी तक्रार येते, की शेवट फारच पटकन संपला. आकडा किती कमी करायचा हा इथला प्रश्नच नाही. तो कशाच्या तुलनेत मोजायचा, तिथे गफलत होते.

खाली मी वीस लेव्हलच्या एका छोट्या रोल-प्लेइंग खेळाचे आकडे घेऊन सगळं काम करून दाखवतो. खेळाचे तीन भाग आहेत. लेव्हल १ ते ५ शिवारात, ६ ते १३ जंगलात आणि १४ ते १९ गडावर. विसावी लेव्हल शेवटची, तिच्यापुढे काही नाही. पुढची लेव्हल गाठायला लागणारी एक्सपी दर लेव्हलला सव्वापट होते आणि सुरुवात १०० पासून आहे. तक्रार अशी, की अकरावी ते तेरावी लेव्हल संपता संपत नाही.

## ० : शीट उघडण्याआधी काय जमवायचं

दोन गोष्टी हाताशी हव्यात. पहिली म्हणजे खेळात आत्ता खरोखर चालू असलेला एक्सपीचा तक्ता. डिझाइनच्या कागदावरचा नको, कोडमधला घ्या. दुसरी गोष्ट म्हणजे प्रत्येक भागात मिनिटाला किती एक्सपी मिळते याचं प्रत्यक्ष मोजमाप. तिला मी पुढे 'कमाई' म्हणतो.

कमाई मोजताना स्वतः खेळू नका. आपलाच खेळ आपण डोळे मिटून खेळतो, त्यामुळे आपला आकडा हमखास फुगलेला येतो. खेळ फारसा न पाहिलेल्या तिघांना बसवा, प्रत्येक भागात पंधरा मिनिटं खेळू द्या आणि सुरुवातीची व शेवटची एक्सपी टिपा. चालणं, औषध पिणं, मरून परत येणं, पिशवी आवरणं, हे सगळं त्या पंधरा मिनिटांतच धरायचं. तीन आकड्यांतला मधला घ्या. सरासरी नको, कारण एखादा जण पाच मिनिटं वाट चुकला तर ती बिघडते.

आमच्या खेळात शिवारात मिनिटाला ४०, जंगलात ७५ आणि गडावर ३२० अशी कमाई निघाली. तिन्हीकडे मिनिटाला साधारण पाच शत्रू मारले जात होते. म्हणजे एका शत्रूमागे अनुक्रमे ८, १५ आणि ६४ एक्सपी.

सावधान: मोहिमा पूर्ण केल्यावर एकरकमी मिळणारी एक्सपी या कमाईत मिसळू नका. पंधरा मिनिटांत एखादी मोहीम संपली तर आकडा दुप्पट दिसेल, आणि ती मोहीम तर पुन्हा मिळणार नाही. मोहिमांसाठी वेगळा स्तंभ ठेवा आणि भागाकार करण्याआधी ती रक्कम लेव्हलच्या एक्सपीतून वजा करा. या उदाहरणात मोहिमा नाहीत, म्हणून तो स्तंभ मी गाळला आहे.

## १ : जुना वक्र मिनिटांत बघा

खेळणाऱ्याला एक्सपी जाणवत नाही, वेळ जाणवतो. १,४५५ हा आकडा मोठा की लहान, हे मिनिटाला किती मिळतात त्यावर ठरतं. म्हणून शीटमध्ये पहिलं काम म्हणजे जुन्या तक्त्याला कमाईने भागणं.

गूगल शीट्स, एक्सेल किंवा लिब्रेऑफिस, काहीही चालेल. पहिली ओळ मथळ्यांची. A स्तंभात A2 पासून A20 पर्यंत १ ते १९ लिहा. ओळी एकोणीसच, कारण विसाव्या लेव्हलवरून पुढे जायचं नसतं. C स्तंभात मोजलेली कमाई हाताने भरा: C2 ते C6 मध्ये 40, C7 ते C14 मध्ये 75, C15 ते C20 मध्ये 320. मग B2 आणि D2 मध्ये हे टाकून खाली ओढा:

```
B2:  =ROUND(100*1.25^(A2-1),0)
D2:  =B2/C2
```

निवडक ओळी अशा दिसतात:

| लेव्हल | लागणारी एक्सपी | मिनिटाला कमाई | मिनिटं |
|---|---|---|---|
| १ | १०० | ४० | २.५ |
| ५ | २४४ | ४० | ६.१ |
| ६ | ३०५ | ७५ | ४.१ |
| १० | ७४५ | ७५ | ९.९ |
| १३ | १,४५५ | ७५ | १९.४ |
| १४ | १,८१९ | ३२० | ५.७ |
| १९ | ५,५५१ | ३२० | १७.३ |

आता D स्तंभाचा रेषालेख काढा. B चा काढू नका. B चा लेख कायम गुळगुळीत चढताना दिसतो आणि सगळं ठीक असल्याचा भास देतो. D चा लेख मात्र करवतीच्या दात्यांसारखा येईल: चढ, घसरण, मोठा चढ, कडेलोट, पुन्हा चढ. सगळ्यात उंच दात तेराव्या लेव्हलवर आहे. तिथे एका लेव्हलला साडेएकोणीस मिनिटं लागतात आणि लगेच पुढची लेव्हल पावणेसहा मिनिटांत संपते. पूर्ण खेळाची १६५ मिनिटं धरली तर जवळपास निम्मी, म्हणजे ८१ मिनिटं, एकट्या जंगलात जातात.

कारणही याच तक्त्यात आहे. लागणारी एक्सपी दर लेव्हलला वाढते, पण जंगलातली कमाई सलग आठ लेव्हल ७५ वरच अडकलेली आहे. मागणी चढाच्या रस्त्यासारखी आणि पुरवठा जिन्याच्या पायऱ्यांसारखा. जंगलाची पायरी सगळ्यात लांब, म्हणून दमछाक तिथेच.

तपासा: `=SUM(D2:D20)` चं उत्तर १६५.२ च्या आसपास यायला हवं. फार वेगळं आलं तर बहुधा लेव्हलचा एक अंक सरकला आहे, किंवा B मध्ये पुढच्या लेव्हलपुरती एक्सपी येण्याऐवजी सुरुवातीपासूनची एकूण एक्सपी आली आहे. ही दुसरी चूक फार होते, कारण कोडमध्ये बऱ्याचदा एकूणच साठवलेली असते.

## २ : आधी चुकीचा उपाय करून बघा

हा टप्पा वगळावासा वाटेल, पण दोनच मिनिटांचा आहे. B2 मधला 1.25 बदलून 1.2 करा, पुन्हा खाली ओढा आणि लेख बघा.

तेरावी लेव्हल साडेएकोणीसवरून बारा मिनिटांवर येते. छान वाटतं. पण चौदावी ३.३ मिनिटांत उडते आणि एकोणिसावी ८.३ मिनिटांत. गडाचा सगळा मुक्काम ६४ मिनिटांवरून ३३ वर आला. करवतीचे दाते मात्र जसेच्या तसे आहेत, नुसती करवत लहान झाली. खेळणाऱ्याला जंगल अजूनही खेळातली सगळ्यात लांबलेली जागा वाटणार, कारण तो तुलना आधीच्या आणि नंतरच्या लेव्हलशी करतो.

आकडा पुन्हा 1.25 करून खाली ओढून ठेवा. जुना स्तंभ तुलनेसाठी शेवटपर्यंत लागणार आहे.

## ३ : हवा असलेला वेळ ठरवा

आता उलट्या दिशेने जायचं. आधी प्रत्येक लेव्हलला किती मिनिटं लागावीत ते लिहायचं आणि एक्सपी त्यावरून काढायची. वेळेसाठी सरळ रेषा पुरते. पहिल्या लेव्हलला अडीच मिनिटं आणि पुढे दर लेव्हलला ठरावीक वाढ.

ती वाढ मनाने ठरवू नका. खेळाची एकूण लांबी जुनीच ठेवा, म्हणजे फरक पडला तर तो आकारामुळे पडला हे कळेल. लांबी आणि आकार एकदम बदलले की नंतर कशाने काय झालं ते कुणालाच सांगता येत नाही. एकोणीस लेव्हलसाठी ० पासून १८ पर्यंतच्या अंकांची बेरीज १७१ येते, म्हणून वाढ अशी निघते:

```
L1:  2.5
L2:  =ROUND((SUM(D2:D20)-19*L1)/171,2)
E2:  =$L$1+$L$2*(A2-1)
```

L2 मध्ये 0.69 येईल. त्यानुसार तेराव्या लेव्हलला १०.८ मिनिटं आणि एकोणिसाव्या लेव्हलला १४.९ मिनिटं. हे आकडे मोठ्याने वाचा. 'बाराव्यानंतर एका लेव्हलला दहा मिनिटं' हे तुम्हाला पटत नसेल तर खेळ लांबीलाच जास्त आहे. ती दुरुस्ती वेगळी आणि ती नंतर करायची.

सावधान: L1, L2 असे आकडे एका बाजूच्या सेलमध्येच ठेवा आणि फॉर्म्युल्यात `$` लावायला विसरू नका. डॉलर लावायचा राहून गेला तर खाली ओढताना संदर्भ घसरतो, E3 रिकाम्या सेलकडे बघू लागतो, आणि शीट कुठलीही चूक न दाखवता भलतेच आकडे देते.

## ४ : कमाईचा जिना मोडा

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा, कारण हाच टप्पा सर्रास गाळला जातो. लोक तिसऱ्या टप्प्यातली मिनिटं घेतात, जुन्या कमाईने गुणतात आणि नवा तक्ता तयार झाला म्हणतात. करून बघा: तेरावी लेव्हल ८१० एक्सपीची येते आणि चौदावी ३,६७० ची. मिनिटं बरोबर असली तरी पडद्यावरचा आकडा एका लेव्हलमध्ये साडेचारपट झालेला बघून खेळणारा तिथेच थबकतो. शिवाय एखादा चलाख गडी बाराव्या लेव्हलला चोरून गडावर शिरला, तर मिनिटाला ३२० कमावत दोन-तीन लेव्हल झटक्यात पार करतो. वक्र कितीही वाकवला तरी जिना तिथेच राहतो.

म्हणून बक्षिसाची एक्सपी भागावरून ठरवणं सोडा आणि शत्रूच्या लेव्हलवरून ठरवा. आमच्या खेळात पहिल्या लेव्हलचा शत्रू ८ एक्सपी देतो आणि शेवटचे ६४. म्हणजे अठरा पायऱ्यांत आठपट, म्हणजे तीनदा दुप्पट, म्हणजे दर सहा लेव्हलला एकदा दुप्पट. फॉर्म्युला आपोआप समोर आला. मिनिटाला पाच शत्रू धरून कमाईही तशीच:

```
L3:  40
L4:  6
F2:  =$L$3*2^((A2-1)/$L$4)
```

दोन्ही टोकं जुनीच आहेत, पहिल्या लेव्हलला ४० आणि एकोणिसाव्या लेव्हलला ३२०. मधे सातव्याला ८० आणि तेराव्याला १६०. हे शेवटचं जुन्या ७५ च्या दुप्पटहून जास्त आहे. बोच नेमकी इथे होती.

खेळात याचा अर्थ असा की जंगलात एकाच दमाचे शत्रू सगळीकडे विखरून चालणार नाहीत. कडेला सहाव्या-सातव्या लेव्हलचे, पुढे नवव्या-दहाव्याचे आणि ऐन गर्द झाडीत बाराव्या-तेराव्याचे ठेवा. बक्षीस पूर्णांकात करा: सहाव्या लेव्हलचा शत्रू १४, दहाव्याचा २३, तेराव्याचा ३२. नवी चित्रं काढायची गरज नाही. त्याच लांडग्याचा रंग गडद करा, ताकद वाढवा, काम भागतं.

तपासा: तेराव्या लेव्हलच्या माणसाला कडेचे सोपे शत्रू मारत बसणं परवडतं का? त्यांचे १४, आतल्यांचे ३२. म्हणजे सव्वादोनपट वेगाने मारता आले तरच परवडेल. एका घावात मेले तरी एकाकडून दुसऱ्याकडे चालत जावं लागतं, त्यामुळे सहसा इतका वेग मिळत नाही. तुमच्या खेळात एका फटक्यात दहा जण लोळवणारं अस्त्र असेल तर मात्र हे घड्याळ लावून मोजा.

## ५ : नवी एक्सपी काढा

उरलेलं काम सोपं आहे. वेळ गुणिले कमाई, आणि पाचाच्या पटीत गोल.

```
L5:  5
G2:  =MROUND(E2*F2,$L$5)
H2:  =SUM(G$2:G2)
I2:  =G2/F2
J3:  =I3/I2
```

H म्हणजे सुरुवातीपासूनची एकूण एक्सपी, I म्हणजे गोल केल्यानंतर खरोखर लागणारी मिनिटं, आणि J म्हणजे ही लेव्हल आधीच्या लेव्हलच्या किती पट वेळ घेते. J तिसऱ्या ओळीपासून सुरू होतो, कारण पहिल्या लेव्हलच्या आधी काही नाही.

| लेव्हल | जुनी एक्सपी | नवी एक्सपी | जुनी मिनिटं | नवी मिनिटं |
|---|---|---|---|---|
| ५ | २४४ | ३३५ | ६.१ | ५.३ |
| १० | ७४५ | ९८५ | ९.९ | ८.७ |
| १३ | १,४५५ | १,७२५ | १९.४ | १०.८ |
| १४ | १,८१९ | २,०६० | ५.७ | ११.५ |
| १९ | ५,५५१ | ४,७७५ | १७.३ | १४.९ |

तेरावी ओळ नीट बघा. लागणारी एक्सपी वाढली आणि वेळ जवळपास निम्मा झाला. पहिल्यांदा हे आलं तेव्हा मी फॉर्म्युला चुकला म्हणून अर्धा तास शोधत बसलो होतो. चुकलेलं काही नव्हतं. एक्सपी कमी केल्याशिवाय त्रास कमी होणार नाही, हे डोक्यात घट्ट बसलेलं होतं इतकंच.

## ६ : शीटमध्येच तीन गोष्टी पडताळा

पहिली, J स्तंभ. एकही आकडा १ च्या खाली नको. खाली गेला तर ती लेव्हल आधीच्यापेक्षा सोपी आहे, म्हणजे आधीची बोचणार. जुन्या तक्त्यात चौदाव्या लेव्हलवर हाच आकडा ०.२९ होता. वरची मर्यादा मी १.२ ठेवतो. दुसऱ्या लेव्हलला १.२९ येतं, ते सोडून द्या. अडीच मिनिटांची सव्वातीन झाली तर कुणाच्या लक्षातही येत नाही.

दुसरी, `=SUM(I2:I20)`. ही बेरीज जुन्या १६५ च्या एका मिनिटाच्या आत हवी. त्यात जंगलाची मिनिटं ८१ वरून ६७ वर आलेली दिसतील आणि गडाची ६४ वरून ७९ वर गेलेली. मधला वेळ उचलून शेवटाकडे सरकवला आहे, फेकलेला नाही.

तिसरी, D आणि I चा एकत्र रेषालेख. I ची रेषा जवळजवळ सरळ हवी. छोटे टेंगूळ दिसले तर ते गोल करण्यामुळे आले आहेत. L5 मध्ये 50 टाकून बघा, म्हणजे सुरुवातीच्या लेव्हलना गोल आकड्यांची हौस किती महाग पडते ते दिसेल.

## ७ : पुन्हा माणसं बसवा

शीट बरोबर आली म्हणून खेळ बरोबर आला असं नाही. F स्तंभात मिनिटाला पाच शत्रू गृहीत धरले आहेत. गर्द झाडीतले शत्रू आता ताकदवान झालेत, तिथे पाच मारले जातीलच असं नाही.

पुन्हा तिघांना बसवा, या वेळी थेट तेराव्या लेव्हलवर, त्या लेव्हलला साजेशी हत्यारं देऊन. समजा मिनिटाला चारच मारले गेले. मग कमाई चार गुणिले ३२, म्हणजे १२८, आणि १,७२५ ला साडेतेरा मिनिटं लागतील. ठरवलेल्या १०.८ पेक्षा हे पाव हिश्श्याने जास्त आहे. पंधरा-वीस टक्क्यांपर्यंतचा फरक मी सोडून देतो. त्यापुढे गेला तर दुरुस्त करतो.

दुरुस्ती कुठे करायची याबद्दल माझं मत ठाम आहे. एक्सपीचा तक्ता उघडायचा नाही. एका लेव्हलसाठी हाताने आकडा बदलला की फॉर्म्युला मोडला, आणि सहा महिन्यांनी तो आकडा तिथे का आहे हे कुणालाच आठवत नाही. शत्रूंमधलं अंतर कमी करा, त्यांची ताकद थोडी उतरवा किंवा पाण्याची एक टाकी जंगलात आतवर ठेवा. मारण्याचा वेग पाचावर आला की मिनिटं आपोआप जागेवर येतात.

## ८ : जुन्या सेव्ह फाइल्स

खेळ कुणाच्याही हातात पडलेला नसेल तर हा टप्पा लागू नाही. पडलेला असेल तर याआधी बिल्ड पाठवू नका.

बरेच खेळ सेव्ह फाइलमध्ये एकूण एक्सपी ठेवतात आणि लेव्हल दर वेळी तक्त्यावरून काढतात. जुन्या तक्त्यात तेरावी लेव्हल एकूण ५,४१९ वर सुरू होत होती, नव्या तक्त्यात ७,०८० वर होते. एखाद्याकडे ५,५०० एक्सपी आहे. काल रात्री तो तेराव्या लेव्हलवर होता, आज अपडेटनंतर खेळ उघडला तर अकराव्यावर. जंगलात सगळ्यात जास्त घाम गाळलेला माणूस हाच, आणि शिक्षाही त्यालाच.

एकूण आकडा तसाच नेऊ नका. लेव्हल आणि त्या लेव्हलमधली प्रगती न्या:

```
part = (old_total - old_start[level]) / old_need[level]
new_total = new_start[level] + floor(part * new_need[level])
```

त्या माणसाने तेराव्या लेव्हलच्या १,४५५ पैकी ८१ मिळवल्या होत्या. त्याच प्रमाणात १,७२५ पैकी ९६ होतात, म्हणून नवी एकूण ७,१७६. `floor` मुद्दाम वापरलं आहे. `round` ठेवलं आणि एखाद्या लेव्हलची नवी एक्सपी जुनीच्या निम्म्याहून कमी असली, तर लेव्हल संपायला एक एक्सपी बाकी असलेला कुणी काही न करता वरच्या लेव्हलला जाऊ शकतो. विसाव्या लेव्हलवाल्यांना या भागाकारातून वगळा, त्यांच्यासाठी `old_need` मध्ये ओळच नाही. त्यांना थेट २८,४९५ द्या.

हे रूपांतर एका सेव्हवर एकदाच चालायला हवं. फाइलमध्ये तक्त्याचा आवृत्ती क्रमांक टाका, आणि तपासताना तीच सेव्ह दोनदा उघडून बघा. दुसऱ्यांदाही ७,१७६ च दिसले पाहिजेत.